तांब्याभर निळीचं पाणी

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, तेव्हा दापोलीजवळच्या आमच्या गावात बाईंच्या घराची पश्चिमेची खिडकी गेली. अंगणातल्या फणसाची फांदी मोडून सरळ तिच्यावर आली आणि सागवानी चौकट चिऱ्याच्या भिंतीतून उखडून पडली. बाई म्हणजे आमच्या शाळेतल्या, मला चौथीपर्यंत शिकवलेल्या. मी त्या वेळी मुंबईहून परतलो होतो. तिथे तीन वर्षं अॅल्युमिनियमच्या खिडक्या बनवायच्या एका कारखान्यात मी पट्ट्या कापायला आणि शटर जुळवायला शिकलो होतो. चौकट भिंतीत बसवण्याचं काम मात्र दुसरी माणसं करायची. मी ते लांबून पाहिलं होतं आणि पाहिलं म्हणजे आलं, असं समजत होतो.

वादळानंतर कामाला तोटा नव्हता. सगळ्यांनाच खिडक्या हव्या होत्या आणि लवकर हव्या होत्या. बाईंचं काम मी दिवाळीनंतर घेतलं आणि एका सकाळी उरकलं. जुन्या खिडकीच्या जागेची रुंदी वरच्या बाजूला एकदा मोजली, ती पाच फूट भरली. उंची एकदा मोजली, ती चार फूट. त्याच मापाची दोन ट्रॅकची सरकती खिडकी केली, वरून जरा अडली तेव्हा चिऱ्याचा कोपरा छिन्नीनं उडवला आणि चौकट ठोकून बसवली. खालच्या ट्रॅकमधून तीन स्क्रू आरपार भिंतीत पिळले, बाजूंना तीन-तीन. कुठे फट राहिली तिथे लाकडाच्या चिपा ठोकल्या, वरून सिमेंट भरलं आणि आतून-बाहेरून सिलिकॉनची जाड पांढरी रेघ ओढली. खिडकी देखणी दिसत होती. बाईंनी हात लावून शटर सरकवलं, हसल्या आणि ठरलेले पैसे त्याच वेळी दिले.

मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेलं. त्या रात्री बाईंच्या खिडकीखालची भिंत ओली झाली. मी जाऊन पाहिलं आणि म्हणालो, "बाई, वादळात कुठली खिडकी तग धरते?" त्यांना ते पटलं. पण जूनमध्ये साधा पाऊस सुरू झाला तरी भिंत ओलीच. मी गन घेऊन गेलो आणि जुन्या सिलिकॉनवर नवा थर दिला. आठ दिवसांनी पुन्हा बोलावणं आलं. पुन्हा गेलो, पुन्हा थर दिला. तिसऱ्या वेळी खालच्या ट्रॅकच्या बाहेरच्या अंगाला असलेल्या तीन आडव्या खाचा माझ्या डोळ्यांत आल्या. वाटलं, पाणी इथूनच आत येत असणार. त्या तिन्ही खाचा मी सिलिकॉननं बुजवून टाकल्या. कारखान्यात त्या खाचा मीच मशीनवर पाडत होतो. त्या कशासाठी असतात हे मी कधी कुणाला विचारलं नव्हतं.

त्या रात्री ट्रॅक काठोकाठ भरला आणि पाणी आतल्या कडेवरून खोलीत आलं. खिडकीखाली बाईंची पत्र्याची ट्रंक होती. तिच्यात चाळीस वर्षांच्या शिकवण्याच्या वह्या होत्या.

सकाळी मी गेलो तेव्हा बाई ओटीवर वह्या वाळत घालत होत्या. शाईचं अक्षर न् अक्षर उतरलेलं. मी गन पिशवीतून काढली तर त्या शांतपणे म्हणाल्या, "ती ठेव आत. तुला आठवतं का, वहीत चूक झाली की मी खोडरबर वापरू देत नसे? पान नव्यानं लिहायला लावायची. तू तीनदा खोडलंस. आता नानांकडे जा."

नाना म्हणजे गावातले जुने सुतार. पुढे वीस वर्षं मुंबईत इमारतींवर खिडक्या बसवायचं काम त्यांनी केलेलं. मी गेलो तेव्हा ते पडवीत करवतीला धार लावत होते. माझं सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी विचारलं, "स्क्रू कुठे मारलेस?"

"सगळीकडे, नाना."

"खालच्या ट्रॅकमधून?"

"हो."

ते पुन्हा धार लावू लागले. "आता काही करू नकोस. त्या तीन खाचा तेवढ्या मोकळ्या कर, ट्रंक हलव आणि बाहेरून ताडपत्री बांध. चिरा पाणी पितो रे मेल्या. प्यायलेल्या चिऱ्यावर काहीही चिकटत नाही. पाऊस सरू दे."

मी ताडपत्री बांधली. पाऊस सरला तरी नाना लगेच उठले नाहीत. ऑक्टोबरात त्यांनी माझ्याकडून भिंतीवर हातभर प्लॅस्टिकचा तुकडा चारी कडांनी चिकटपट्टी लावून बसवून घेतला. दुसऱ्या सकाळी तुकड्याच्या आतून दव साचलं होतं. "अजून ओली आहे," ते म्हणाले. दोन आठवड्यांनी पुन्हा तसंच केलं, पुन्हा दव. नोव्हेंबरच्या मध्यावर तुकडा कोरडा निघाला तेव्हा नाना हत्यारांची पिशवी घेऊन आले आणि त्यांनी बाईंकडे सगळ्यांत आधी काय मागितलं, तर कपड्यांना घालायची नीळ.

तांब्याभर पाण्यात नीळ कालवून त्यांनी ते ट्रॅकमध्ये हळूहळू ओतलं. "बाहेर जाऊन बघ." मी बाहेर गेलो. खाचांतून थोडं निळं पाणी ठिबकलं आणि थांबलं. आत ट्रॅकमधली पातळी मात्र उतरत राहिली. थोड्या वेळानं बाईंनीच बोट दाखवलं. खिडकीखाली आतल्या गिलाव्यावर निळे ओघळ उतरत होते, एक नाही, तीन. माझ्या तीन स्क्रूंच्या बरोबर खाली.

"पाणी ट्रॅकमध्ये येणारच," नाना म्हणाले. "सरकती खिडकी आहे ही, पेटी नव्हे. शटर सरकायचं तर फट हवी, फट आली की वारा पाऊस घेऊन आत येतो. म्हणून ट्रॅकची आतली कड उंच आणि बाहेरची कड खाचांची. आत आलेलं पाणी त्या कडेशी थांबतं आणि खाचांतून बाहेर जातं. वाऱ्याचा जोर ओसरला की तेवढंच. तू त्याची वाट बंद केलीस आणि तळाला तीन नव्या वाटा पाडल्यास."

पुढे मी याचा हिशेब करून पाहिला. इंचभर पाण्याचा दाब म्हणजे ताशी सुमारे ७० किलोमीटर वेगाच्या वाऱ्याचा दाब. म्हणजे आतली कड खाचांपेक्षा इंचभर उंच असेल, तर तेवढ्या वाऱ्यात पाणी कडेच्या आतच तोललं जातं. निसर्गसारखं वादळ आलं तर कोणतीही साधी सरकती खिडकी थोडं पाणी आत घेणारच, तिथे फडकी घेऊनच बसावं लागतं. पण मृगाच्या पावसाला तसं बसावं लागू नये.

मग आम्ही खिडकी काढली. शटर उतरवली, स्क्रू सोडले, सिलिकॉन सुरीनं कापलं. बाजूचे मधले स्क्रू सुटताच चौकटीची उभी पट्टी टक् आवाज करून भिंतीपासून सुटली आणि सरळ झाली. नानांनी माझ्याकडे पाहिलं. "हे बघितलंस? मागे आधार नव्हता. तू स्क्रू पिळत गेलास, पट्टी भिंतीकडे ओढली जात वाकत गेली. किती, मोज." दोन सूत, म्हणजे पाव इंच. चौकट मधोमध तेवढी रुंद झाली होती. शटर बंद केल्यावर वर-खाली टेकायचं आणि मध्ये फट राहायची. तिथली ब्रशासारखी वूलची पट्टी चौकटीला पोचतच नव्हती. मी त्या फटीतून बाहेरचा उजेड वर्षभर पाहिला होता आणि शटरचंच काही चुकलं असेल असं म्हणत होतो. खालच्या लाकडी चिपा तर हातात घेताच कुसकरल्या. पावसात फुगून त्यांनी ट्रॅक उचलला होता आणि नंतर कुजून तो खाली सोडला होता.

खालची पट्टी भोकं बुजवून पुन्हा वापरू, असं मी सुचवलं. नाना नको म्हणाले. ज्या तळाशी पाणी उभं राहतं तिथलं बुजवलेलं भोक पुन्हा कधी उघडेल याचा भरवसा नसतो. मी दुकानात जाऊन नवी पट्टी कापली. पण त्याआधी नानांनी माझ्याकडून जागा पुन्हा मोजून घेतली. रुंदी वर, मध्ये आणि खाली. उंची डावीकडे, मध्ये आणि उजवीकडे. वर पाच फूट, मध्ये पाच फूट तीन सूत, खाली पाच फूट चार सूत. चिऱ्याच्या भिंतीत हे असंच असतं, घडवलेला चिरा ओळीत बसला तरी आतली बाजू डोंगरासारखीच राहते. "सगळ्यांत कमी माप धर आणि त्यातून दोन्ही बाजूंना तीन-तीन सूत सोड," नाना म्हणाले. म्हणजे चौकट चार फूट अकरा इंच दोन सूत. उंचीलाही तसंच.

मला ती फट फार वाटली. एवढं सिलिकॉन भरायचं तर खर्च वाढेल, असं मी म्हणालो. नानांनी समजावलं की अॅल्युमिनियम उन्हात वाढतं. पाच फुटांची पट्टी, पहाटेचा गारवा आणि पश्चिमेचं दुपारचं ऊन यांत चाळीस अंशांचा फरक धरला, तर सुमारे दीड मिलिमीटर वाढते. भिंत तेवढी वाढत नाही. हे रोजचं जाणं-येणं मधल्या सिलिकॉनला सोसायचं असतं. फट एक सुताची असेल तर सिलिकॉन ताणून ताणून फाटतं. फट तीन सुतांची असेल तर त्याला ते जाणवतही नाही.

खिडकीच्या तळाचं सिमेंट आम्ही फोडलं आणि बाहेरच्या बाजूला उतार देऊन नवं केलं. ते सुकायला चार दिवस दिले. त्या दिवसांत नानांनी मला भंगारातल्या पीव्हीसीच्या पट्ट्यांचे तुकडे कापायला बसवलं. एक, दोन, तीन आणि पाच मिलिमीटर जाडीचे, दोन बोटं रुंद. यांना आम्ही पॅकिंग म्हणतो. लाकूड पाण्यात फुगतं आणि कुजतं, पीव्हीसी तसंच राहतं, एवढाच विचार. मी चाळीस तुकडे कापले. ते सगळे सिमेंटमागे लपणार होते आणि तरी नाना प्रत्येकाची कड कानशीनं साफ करायला लावत होते. वाकड्या कडेचा तुकडा सरकतो, ते म्हणाले.

बसवायच्या दिवशी चौकट जागेत उभी राहिली ती फक्त तळाच्या पॅकिंगवर. ती कुठे ठेवायची याला नानांकडे सरळ उत्तर होतं: जिथे वजन उतरतं तिथे. बंद शटरची बेअरिंग जिथे थांबतात, त्या प्रत्येक जागेखाली एक. दोन टोकांना आणि मधोमध जवळजवळ दोन. त्यांनी पाण्याची नळी घेऊन ट्रॅकची पाणसळ पाहिली. उजवीकडे एक मिलिमीटरचा तुकडा जास्त घातला, पुन्हा पाहिली. तळ जुळला तेव्हाच बाजूंना हात लावला.

लग म्हणजे गॅल्व्हनाइझ पत्र्याच्या वाकवलेल्या पट्ट्या. त्या आम्ही आधीच चौकटीच्या पाठीला लावून ठेवल्या होत्या. कोपऱ्यापासून सहा इंचांवर एक, मग मध्ये, मग दुसऱ्या कोपऱ्याच्या सहा इंच अलीकडे. वरच्या पट्टीलाही तसेच तीन. दोन लगांत दोन फुटांहून जास्त अंतर कुठेही नव्हतं. तळाला एकच, तोही आतल्या उंच कडेच्या मागून, पाणी साचतं त्या पातळीच्या वर. अशा रीतीनं भिंतीत जाणारा एकही स्क्रू चौकटीतून जात नव्हता. स्क्रू लगातून जात होता आणि लग आतल्या गिलाव्याखाली जाणार होता.

प्रत्येक लगाशेजारी चौकट आणि भिंत यांच्यामध्ये पॅकिंग घातलं. घट्ट ठोकून नव्हे, अंगठ्यानं ढकललं की जाईल आणि बोटानं ओढलं तर अडेल इतपत. ओळंबा सोडला. कर्ण मोजले, एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यापर्यंत आणि मग दुसरा. पहिल्यांदा एका सुताचा फरक निघाला. डावीकडच्या वरच्या पॅकिंगमध्ये एक तुकडा वाढवला, उजवीकडचा काढला. फरक गेला.

मग मला गिट्टीसाठी भोकं पाडायची होती. मी ड्रिल ठोक्यावर लावलं, तर नानांनी हात धरला. चिरा मऊ. ठोक्यानं भोक मोठं होतं आणि कडेजवळ असेल तर चिऱ्याची कपचीच निघते. साध्या फिरकीवर, कडेपासून दोन इंच आत, लांब गिट्टी. स्क्रू स्टेनलेस स्टीलचे, कारण समुद्राच्या खाऱ्या हवेत साधा स्क्रू दोन-तीन पावसाळ्यांत लालभडक होतो आणि शेजारच्या अॅल्युमिनियमलाही खातो. स्क्रू निम्मे आवळले, शटर चढवून पाहिली, मग पुरते आवळले आणि प्रत्येक स्क्रूनंतर पुन्हा ओळंबा. मागे आधार होता, त्यामुळे पट्टी जागची हलली नाही.

नानांनी मला शटर अर्धं उघडून हात काढायला सांगितलं. शटर होतं तिथेच थांबलं, ना डावीकडे गेलं ना उजवीकडे. मग हळूहळू बंद करत आणलं, अगदी टेकायच्या आधी थांबवलं आणि राहिलेली फट वरपासून खालपर्यंत पाहायला सांगितली. ती सारखी होती. शटर पुरतं बंद केलं तेव्हा मध्ये उजेड कुठेच नव्हता.

त्यानंतर लगांवर आतून सिमेंट भरलं. ओलं सिमेंट अॅल्युमिनियमच्या रंगाला डाग पाडतं, म्हणून चौकटीवरची चिकटपट्टी शेवटपर्यंत काढली नाही. बाहेरची तीन सुतांची फट मात्र मोकळी ठेवली. आठवडाभरानं, सगळं वाळल्यावर, सिलिकॉनची पाळी आली.

मी माझी नेहमीची नळी काढली. नानांनी टोक नाकाशी नेलं. "शिरक्याचा वास येतोय. ही काचेला ठीक. सिमेंटच्या भिंतीला धरत नाही नीट आणि धातूलाही बरी नाही. न्यूट्रल आण." दुसरी आणली. मग फटीत फोमची गोल दोरी दाबून बसवली, फटीपेक्षा थोडी जाड, म्हणजे ती आपली आपण घट्ट राहते. ही दोरी कशाला, फट भरून सिलिकॉन वाचवायला ना, असं मी विचारलं. तेही होतं, पण खरं कारण वेगळं होतं. सिलिकॉन रबरासारखं असतं. भिंत आणि चौकट या दोनच बाजूंना धरलं तर ताणलं जातं. मागच्या तळालाही चिकटलं तर ताणायला जागा उरत नाही आणि ते एका कडेनं सुटतं. दोरीला सिलिकॉन चिकटत नाही, म्हणून ती मागे ठेवायची. वरचा थर रुंदीपेक्षा कमी जाडीचा, दोन सुतांच्या आत. मी पावसात थरावर थर देत होतो, तो जाड होत गेला तसा निरुपयोगी होत गेला.

कडांवरची धूळ ब्रशनं झाडली, गिलाव्याच्या कडेला प्रायमर लावला, दोन्ही बाजूंना टेप लावून मी रेघ ओढली. नाना खाली वाकून खाचांवर बोट ठेवून उभे होते, माझी गन तिथवर येईपर्यंत. ट्रॅक आणि खिडकीचा तळ यांच्यामधली फट भरायची, खाचांच्या खालून. खाचा मोकळ्या.

काम संपलं तेव्हा मी बाईंना पैसे घेणार नाही म्हणालो. त्या म्हणाल्या, "नव्या पट्टीचे आणि स्क्रूचे घे. चुकीचे घेऊ नकोस." मग त्यांनी स्वतः तांब्या भरून आणला, नीळ न घालता, आणि ट्रॅकमध्ये ओतला. मी बाहेर उभा होतो. पाणी तिन्ही खाचांतून एकदम बाहेर आलं आणि उतारावरून अंगणात पडलं. शेवटचा थेंब पडेपर्यंत आम्ही दोघं खिडकीच्या दोन बाजूंना उभे होतो.

२०२२ च्या जूनमध्ये मोठ्या पावसाच्या रात्री मला झोप आली नाही. उजाडताच छत्री घेऊन गेलो. बाईंनी दार उघडलं आणि काही न बोलता मला खिडकीपाशी नेलं. मी भिंतीला तळहात लावला. कोरडी होती. वाचलेल्या वह्यांची ट्रंक खिडकीखाली परत आली होती.

तेव्हापासून मी बसवलेल्या प्रत्येक खिडकीत, घरमालकासमोर, आधी तांब्या ओततो आणि मगच बिल देतो. जुन्या कामांकडेही गेलो. २०२० ते २१ मध्ये मी तळातून स्क्रू मारलेल्या अकरा खिडक्या होत्या, त्यांतल्या आठ आतापर्यंत काढून पुन्हा बसवल्या. तिघांनी गळत नाही म्हणून हात लावू दिला नाही, त्यांना मी खाचा दाखवून आलो आहे.

तुमच्याही घरात सरकती खिडकी असेल, तर मे महिन्यात एकदा तिचा ट्रॅक झाडून त्यात तांब्याभर पाणी ओता आणि कुणाला तरी बाहेर उभं करा. पाणी बाहेर आलं तर काही करू नका. नाही आलं, तर सिलिकॉनची नळी आणायच्या आधी बाहेरच्या खाचा शोधा आणि एखाद्या काडीनं मोकळ्या करा. तरीही भिंत ओली झाली, तर ट्रॅकच्या तळाला स्क्रूची डोकी दिसतात का ते पाहा. दिसली, तर खिडकी बसवणाऱ्याला परत बोलवा.